तीनशेपैकी तीस नळ्या बाद झाल्या, आता तेल किती गार होईल?

शेल आणि ट्यूब कूलरची एखादी नळी गळायला लागली की शटडाउनच्या घाईत इलाज बहुधा एकच असतो. नळीच्या दोन्ही टोकांना निमुळते धातूचे बूच ठोकायचे आणि ती नळी कायमची बाद करायची. कारखान्यात याला सरळ ‘प्लग मारणे’ म्हणतात. काम तसे तासाभराचे. आधी शेलमध्ये पाणी भरून दाब द्यायचा, ट्यूबशीटवर कुठल्या भोकातून पाणी झिरपते ते टॉर्च मारून पाहायचे, त्या भोकाला खडूने खूण करायची, दुसऱ्या टोकाला तीच नळी मोजून शोधायची आणि हातोड्याने प्लग बसवायचा. दुसऱ्या टोकाला मोजणी एका ओळीने चुकली तर चांगली नळी अर्धी बंद होते आणि गळकी नळी गळतच राहते. म्हणून जाणता फिटर हे मोजमाप दोनदा करतो.

खरा प्रश्न चॅनेलचे झाकण परत बसवल्यावर येतो. प्रॉडक्शनवाले विचारतात, ‘तीनशेपैकी तीस नळ्या गेल्या, म्हणजे कूलिंग दहा टक्के पडलं ना?’ मेंटेनन्सवाले म्हणतात, ‘दहा टक्क्यांपर्यंत काही होत नाही, बिनधास्त चालवा.’ दोन्ही उत्तरे अंदाजपंचे आहेत. कूलर तपासण्याआधीच दिलेली असल्यामुळे ती दोन्ही चुकीची ठरू शकतात. खरे उत्तर काढायला एक पानभर हिशेब पुरतो. तो हिशेब परिणामकता आणि एनटीयू या दोन आकड्यांवर चालतो. एनटीयू म्हणजे उष्णता-वहनाच्या एककांची संख्या. नाव बोजड आहे, पण त्यामागची कल्पना साधी आहे.

हिशेबासाठी एक कूलर समोर ठेवू. आकडे मी धरलेले आहेत, पण रासायनिक वसाहतीतल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात असा कूलर सापडेल. शेलमधून हलके तेल वाहते, तासाला ३६ टन. ते ९० अंशांना आत येते. नळ्यांमधून कूलिंग टॉवरचे पाणी वाहते, तासाला ५४ टन, आणि ते ३२ अंशांना आत शिरते. नळ्या ३००, पाच मीटर लांब, पाऊण इंची. पाणी चार फेऱ्यांत जाते, म्हणजे एका वेळी ७५ नळ्यांतून, आणि नळीत त्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर पडतो. शटडाउनच्या आधी तेल ५२ अंशांना बाहेर पडत होते.

आता उष्णतेचा जमाखर्च मांडू. या तेलाचा प्रवाह एक अंश गार करायचा तर २१ किलोवॅट उष्णता काढून घ्यावी लागते. पाण्याचा प्रवाह एक अंश तापायला सुमारे ६३ किलोवॅट लागतात. म्हणजे तेल हा इथला दुबळा प्रवाह आहे, कारण तेवढ्याच उष्णतेने त्याचे तापमान पाण्याच्या तिप्पट बदलते. तेल ३८ अंश उतरले, म्हणजे त्याने ७९८ किलोवॅट सोडले. तीच उष्णता पाण्याने घेतली आणि पाणी सुमारे पावणेतेरा अंश तापून ४४.७ अंशांना बाहेर आले.

हे कूलरने चांगले केले की वाईट? ते ठरवायला मोजपट्टी लागते. कूलर कितीही मोठा केला, नळ्या कितीही घातल्या, तरी तेल पाण्याच्या आत येण्याच्या तापमानाखाली, म्हणजे ३२ अंशांखाली, जाऊ शकत नाही. म्हणून या तेलातून जास्तीत जास्त ९० वजा ३२, म्हणजे ५८ अंशांची उष्णता काढता येईल. प्रत्यक्षात ३८ अंशांची काढली. ३८ भागिले ५८ केले की ०.६५५ येते. हीच परिणामकता. शक्य असलेल्या उष्णतेपैकी साडेपासष्ट टक्के उष्णता या कूलरने खरोखर हलवली.

या मोजपट्टीचे मोल असे की तिच्यात बाहेर पडण्याचे तापमान आधीपासून माहीत असावे लागत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना कूलर डिझाइन करायला जी पद्धत पहिली शिकवली जाते, ती लॉगरिदमिक सरासरी तापमान-फरकावर चालते आणि तिला चारही तापमाने हवी असतात. नवा कूलर काढताना ती चारही माहीत असतात, कारण तीच आपली अट असते. पण कूलर आहे तोच आहे, त्याच्या काही नळ्या बंद झाल्या आहेत आणि बाहेरची दोन तापमानेच शोधायची आहेत, तेव्हा ती पद्धत आपल्याला गोल गोल फिरवते. एक तापमान धरा, हिशेब करा, जमला नाही तर दुसरे धरा. हा फेरा टाळण्यासाठीच परिणामकतेची पद्धत पुढे आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले विल्यम केज आणि अलेक्झांडर लंडन यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॉम्पॅक्ट हीट एक्स्चेंजर्स’ या पुस्तकामुळे ती जगभरच्या इंजिनिअरांच्या हाती गेली.

परिणामकता दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट दोन प्रवाहांचे गुणोत्तर. इथे २१ भागिले ६२.७, म्हणजे ०.३३५. दुसरी गोष्ट एनटीयू, म्हणजे कूलरची एकूण वहनक्षमता भागिले दुबळा प्रवाह. वहनक्षमता म्हणजे नळ्यांचे क्षेत्रफळ गुणिले एक चौरस मीटर एका अंशाच्या फरकाला किती उष्णता पुढे देतो तो आकडा. कूलर त्या प्रवाहाच्या मानाने किती मोठा आहे, हे एनटीयू सांगतो. तोच कूलर, पण तेल दुप्पट सोडले तर एनटीयू खाली येतो, कारण प्रवाहाच्या मानाने कूलर लहान झाला. एक शेल आणि पाण्याच्या दोन, चार किंवा सहा फेऱ्या अशा रचनेसाठी सूत्र असे आहे. ते एक्सेलमध्ये सहज बसते:

```
R = Cmin / Cmax
N = UA / Cmin
S = sqrt(1 + R^2)
E = 2 / (1 + R + S*(1 + exp(-N*S))/(1 - exp(-N*S)))
Q = E * Cmin * (Th_in - Tc_in)
```

यात `E` म्हणजे परिणामकता, `N` म्हणजे एनटीयू, `UA` म्हणजे वहनक्षमता आणि `Q` म्हणजे हललेली उष्णता, जिला कारखान्यात ड्यूटी म्हणतात. सूत्र उलटे चालवून एनटीयूही काढता येतो:

```
x = (2/E - 1 - R) / S
N = ln((x + 1)/(x - 1)) / S
```

आपल्या कूलरची परिणामकता ०.६५५ आहे. उलट्या सूत्रात ती घातली की एनटीयू येतो १.३६, आणि त्यावरून वहनक्षमता येते अंशाला सुमारे २८.५ किलोवॅट. शटडाउनच्या आधी कूलर प्रत्यक्षात किती सक्षम होता त्याचा हा आकडा. त्यात साचलेला मळ, जुनेपणा, सगळे धरलेले आहे. डिझाइनच्या डेटाशीटवर छापलेला आकडा यासाठी वापरू नका. तो स्वच्छ किंवा गृहीत धरलेल्या मळाच्या कूलरचा असतो, आणि तुमचा कूलर त्या कागदापासून कधीच दूर गेलेला असतो.

आता तीस नळ्या बंद करू. तिसऱ्या इयत्तेच्या गणिताने वहनक्षमताही दहा टक्क्यांनी कमी व्हायला हवी. जवळजवळ तशीच होते, पण पूर्ण नाही. पाणी तेवढेच राहिले आणि ते आता ७५ ऐवजी सरासरी साडेसदुसष्ट नळ्यांतून जाते, म्हणून प्रत्येक नळीत त्याचा वेग अकरा टक्के वाढतो. वाहत्या पाण्याची उष्णता घेण्याची ताकद वेगाच्या ०.८ घाताने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ नऊ टक्के. ऐकायला मोठी भरपाई वाटते. पण या कूलरमध्ये ती फारशी कामाची नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

तेलातली उष्णता पाण्यात पोचेपर्यंत तिला ओळीने काही अडथळे ओलांडावे लागतात: नळीबाहेरचा तेलाचा थर, नळीच्या आत-बाहेर साचलेला मळ, नळीची भिंत आणि आतला पाण्याचा थर. तेल घट्ट असते, उष्णता सहजी सोडत नाही. आपल्या कूलरमध्ये एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकट्या तेलाच्या थराचा आहे. पाण्याच्या थराचा वाटा अवघा सात टक्के. त्या सात टक्क्यांत नऊ टक्के सुधारणा झाली, म्हणजे एकूण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेलाच्या बाजूला मात्र काहीच बदलत नाही, कारण बंद केलेली नळी जागेवरच असते. तेल तिच्याभोवतीही पूर्वीसारखेच वाहते, फक्त तिच्या आत घेणारे पाणी नसते. नळ्या बंद न करता उपटून काढल्या आणि भोके बुजवली तर गोष्ट वेगळी. मग बंडलमध्ये वाट मोकळी होते, तेल त्या वाटेने पळते आणि तेलाची बाजूही बिघडते.

एकूण हिशेब असा. वहनक्षमता २८.५ वरून २५.८ वर आली, म्हणजे साडेनऊ टक्के कमी. एनटीयू १.२३ झाला. सूत्रात घातला की परिणामकता ०.६२८ येते. ड्यूटी ७९८ वरून ७६५ किलोवॅटवर उतरते आणि तेल ५२ ऐवजी ५३.६ अंशांना बाहेर पडते. दहा टक्के नळ्या गेल्या, पण ड्यूटी फक्त सव्वाचार टक्के घटली.

नळ्या दहा टक्के आणि ड्यूटी सव्वाचार टक्के, हा फरक येतो कुठून? ओला टॉवेल पिळताना पहिल्या पिळात भसकन पाणी निघते आणि पुढच्या प्रत्येक पिळाला कमी कमी. कूलरच्या शेवटच्या चौरस मीटरचे तसेच आहे. पहिल्या नळ्यांना तापमानाचा मोठा फरक मिळतो, शेवटच्यांना थोडा. काही नळ्या काढून घेतल्या की उरलेल्या नळ्यांना थोडे जास्त गरम तेल मिळते आणि त्या प्रत्येकी थोडी जास्त उष्णता हलवतात. ही भरपाई किती होईल, ते एनटीयूवर ठरते. याच रचनेत एनटीयू ०.३ असेल, म्हणजे कूलर प्रवाहाच्या मानाने लहान असेल, तर वहनक्षमता दहा टक्के घटल्यावर ड्यूटीही आठ टक्क्यांहून जास्त घटते. तिथे प्रॉडक्शनवाल्यांची भीती जवळजवळ खरी. एनटीयू ४ असेल तर तेवढ्याच घटीला ड्यूटी एक टक्काही पडत नाही. तिथे मेंटेनन्सवाले बरोबर. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ हा बहुतेक कारखान्यांत तोंडपाठ असलेला नियम नेमका इथे फसतो. त्याला एनटीयूची काही कल्पनाच नसते.

साठ नळ्या गेल्या, म्हणजे वीस टक्के, तर हाच कूलर ७२६ किलोवॅट देईल आणि तेल ५५.४ अंशांना निघेल. पहिल्या तीस नळ्यांनी ३३ किलोवॅट नेले, पुढच्या तीस नळ्यांनी ३९. म्हणजे प्रत्येक पुढची नळी आधीच्यापेक्षा महाग पडते. भरपाई असली तरी ती दर नळीगणिक आटत जाते.

आता दाबाकडे पाहू, कारण नळ्या बंद केल्याची खरी किंमत पुष्कळदा तापमानात दिसत नाही, दाबात दिसते. पाणी ढकलायला लागणारा दाब वेगाच्या साधारण १.८ घाताने वाढतो. तीस नळ्या चारही फेऱ्यांत सारख्या वाटलेल्या असतील तर कूलरमधला दाबाचा घट २१ टक्के वाढेल. साठ असतील तर जवळजवळ ५० टक्के. पण गळती अशी समान वाटून येत नाही. ती बहुधा एखाद्या कोपऱ्यात येते, जिथे आत शिरणारा झोत नळ्यांवर आदळतो किंवा बॅफलपाशी नळी थरथरून झिजते. तीसही नळ्या एकाच फेरीत निघाल्या तर त्या फेरीत ७५ पैकी ४५ उरतात. तिच्यातला पाण्याचा वेग दोन-तृतीयांशाने वाढतो, तिचा दाब-घट अडीच पट होतो आणि सगळ्या कूलरचा मिळून ३८ टक्के. उष्णतेच्या हिशेबात दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसतील, कारण या कूलरमध्ये पाण्याच्या थराचा वाटाच लहान आहे. म्हणून किती नळ्या बंद केल्या एवढेच लिहून भागत नाही, कुठल्या फेरीत केल्या तेही लिहावे लागते.

प्रवाह बदलला तर? इथे लोकांची सहज समज सर्वांत जास्त चुकते. उन्हाळ्यात एक पंप दुरुस्तीला गेला आणि पाणी ५४ ऐवजी ३६ टन झाले असे समजा. नळ्या सगळ्या शाबूत आहेत. एक-तृतीयांश पाणी गेले म्हणून ड्यूटीही तेवढी पडेल, असे कोणालाही वाटेल. हिशेब सांगतो, ड्यूटी ७९८ वरून ७४२ होईल, सात टक्के कमी. कारण पाणी इथला सबळ प्रवाह होता. तो कमी झाला तरी अजून तेलाच्या दुप्पट आहे. तेल ५४.७ अंशांना निघेल, ते चालवूनही घेता येईल. पण पाणी आता ४९.७ अंशांना बाहेर पडते, पूर्वीपेक्षा पाच अंश जास्त. कूलिंग टॉवरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो आणि नळीच्या गरम भिंतीवर पांढरा थर होऊन बसतो. त्यात वेगही कमी झालेला, म्हणून गाळ बसायलाही सोय. आज सात टक्के दिसणारे नुकसान काही महिन्यांत पंधरा टक्के होऊ शकते, आणि पंप परत आला तरी तो थर आपोआप जात नाही. पाणी कमी करून वीज वाचवताना हा हिशेब कोणी मांडत नाही, असा माझा अनुभव आहे.

उलटे करू. पाणी पूर्ववत, पण प्रॉडक्शनने तेल तासाला ३६ वरून ४५ टन केले. दुबळा प्रवाह वाढला, म्हणून एनटीयू खाली यायला हवा. पण वेग वाढल्याने तेलाच्या थराचा अडथळाही कमी होतो. शेलच्या बाजूला ही सुधारणा वेगाच्या साधारण ०.६ घाताने धरतात, आणि तेलाचा वाटा मोठा असल्याने ती इथे जाणवते: वहनक्षमता दहा टक्के वाढते. एनटीयू १.३६ चा १.२० होतो, परिणामकता ०.६०३ आणि ड्यूटी ९१८ किलोवॅट. ड्यूटी चक्क पंधरा टक्के वाढली! आणि तेल बाहेर पडते ५५ अंशांना, पूर्वीपेक्षा तीन अंश गरम. म्हणजे कूलर जास्त काम करतो आहे आणि तरीही पुढच्या यंत्राला नको तेवढे गरम तेल देतो आहे. ‘कूलरची क्षमता वाढली की कमी झाली?’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. ड्यूटी विचारता की बाहेरचे तापमान, हे आधी ठरवायला हवे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे मीटिंगमध्ये दोघेही बरोबर असताना तासभर भांडलेली माणसे मी पाहिली आहेत.

पाण्याचे आत येण्याचे तापमान बदलले तर हिशेब आणखी सोपा. मे महिन्यात टॉवरचे पाणी ३२ ऐवजी ३५ अंशांना मिळते असे धरू. प्रवाह तेच, नळ्या त्याच, म्हणून परिणामकता जवळजवळ तीच राहते. ५५ अंशांच्या ०.६५५ पट काढा, ९० मधून वजा करा: तेल ५४ अंशांना. पाणी तीन अंश चढले, तेल दोन अंश चढले. तीस नळ्याही गेल्या असतील तर ५५.५. म्हणजे जानेवारीत बंद केलेल्या नळ्यांची तक्रार बहुधा मेमध्ये येते, आणि तोवर त्या नळ्यांची आठवण कोणालाच नसते.

या सगळ्या अंदाजाचा खरा उपयोग तो चुकतो तेव्हा होतो. आपण ५३.६ अंश सांगितले आणि कूलर चालू केल्यावर तेल ५७ अंशांना निघाले, असे समजा. पहिली गोष्ट, हा आकडा लगेच खरा मानू नका. तेलाने सोडलेली उष्णता आणि पाण्याने घेतलेली उष्णता वेगवेगळी काढा. तेल ३३ अंश उतरले, म्हणजे ६९३ किलोवॅट. पाण्यावरून येणारा आकडा याच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. जास्त फरक असेल तर आधी फ्लोमीटर आणि थर्मोवेल तपासा. पाण्याचा फ्लोमीटर बऱ्याच ठिकाणी नसतोच, आणि मग ‘डिझाइनइतकंच असेल’ असे धरून लोक पुढचे सगळे हिशेब त्या धरलेल्या आकड्यावर उभे करतात.

जमाखर्च जुळला असे समजू. ५७ अंशांवरून परिणामकता येते ०.५६९, एनटीयू १.०, वहनक्षमता २१. आपली अपेक्षा होती २५.८. सुमारे अठरा टक्के वहनक्षमता गायब आहे आणि बंद केलेल्या तीस नळ्यांनी तिचा हिशेब लागत नाही. मग काय झाले? दोन गोष्टींचा संशय घ्यावा. नळ्यांत मळ किंवा शटडाउनमधली घाण अडकली असेल. किंवा चॅनेलच्या आतल्या पास पार्टिशनचे गॅस्केट नीट बसले नसेल. चार फेऱ्यांना वेगळे ठेवणारी ही आतली भिंत असते. झाकण परत लावताना तिचे गॅस्केट सरकले किंवा चिंबले की पाण्याचा काही भाग नळ्यांत न जाता पहिल्या फेरीतून थेट पुढच्या फेरीत निसटतो. बाहेरून थेंबही गळत नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

तापमानांवरून हे दोन दोष वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्हींत तेल गरम निघते, दोन्हींत जमाखर्च जुळतो. पण दाब सांगतो. तीस नळ्या बंद केल्यावर पाण्याचा दाब-घट २१ टक्के वाढायला हवा होता. तो त्याहून बराच जास्त वाढला असेल तर नळ्या तुंबल्या आहेत. तो वाढलाच नाही किंवा कमी झाला तर पाणी आडवाटेने निसटते आहे. चॅनेलच्या आत आणि बाहेर जाणाऱ्या नोझलवर दोन साधे प्रेशर गेज असले की हा निकाल पाच मिनिटांत लागतो. ते नसले की लोक बंडल बाहेर काढून रसायनाने धुतात, आणि गॅस्केट तसेच परत बसवतात.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. सगळ्या कूलरभर वहनाचा आकडा एकच धरला आहे. तेल गार होताना घट्ट होत जाते, तेव्हा हे गृहीतक सैल पडते. इंधन तेलासारख्या जड तेलात प्रवाह संथ आणि थरांचा झाला की ०.६ चा घात चालत नाही आणि वहनाचा आकडा नव्याने काढावा लागतो. वाफ घनीभूत होत असेल तर वाफेचे तापमान बदलत नाही, प्रवाहांचे गुणोत्तर शून्य धरायचे, आणि सूत्र `E = 1 - exp(-N)` इतके लहान होते. आणि प्रवाहात मोठे बदल झाले, दुप्पट किंवा अर्धे, तर एका दिवसाच्या वाचनावरून केलेला अंदाज दोन-तीन अंशांनी चुकला तरी आश्चर्य वाटू नये.

नळ्या बंद करत राहण्यालाही शेवट असतो, आणि तो गाठल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली, प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेने. त्यांच्या दुय्यम स्टीम जनरेटरांच्या नळ्या गळत राहिल्या. शेवटी ते जनरेटरच चक्रातून बाजूला काढावे लागले आणि संचांची क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली.

तुमच्याकडे नळ्या बंद केलेला एखादा कूलर असेल तर शटडाउननंतरच्या पहिल्या स्थिर दिवशी सहा आकडे वहीत लिहून ठेवा: चार तापमाने, पाण्याचा प्रवाह आणि पाण्याच्या बाजूचा दाब-घट. शेजारी ट्यूबशीटचे चित्र काढून बंद केलेल्या भोकांवर फुली मारा. पुढचा मे महिना येईल तेव्हा चॅनेल उघडायचे की नाही, हे त्या पानावरून ठरवता येईल.